डच चित्रांतल्या फरशीवर विश्वास ठेवू नका, उवांवर ठेवा

सतराव्या शतकातल्या डच घरांची चित्रं हल्ली फेसबुकवर खूप फिरतात आणि खाली कॉमेंट ठरलेली, बघा तेव्हाचे लोक कसे टापटीप राहायचे, जणू कुणी घरात शिरून फोटोच काढलाय. मला हे पटत नाही. ही चित्रं पुरावा आहेत, पण कशाचा ते वस्तूगणिक तपासावं लागतं.

डच चित्रकार पीटर द होखचं एक चित्र घ्या, साधारण १६५८ ते ६० मधलं, आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आई खुर्चीत बसलीय, पोरीचं डोकं मांडीत घेऊन उवा बघतेय. मागे भिंतीतल्या कपाटासारखा पलंग, त्याला पडदा, पुढे उजवीकडे लहान मुलांची शी-शूची खुर्ची. हे सगळं खरं आहे, असे पलंग जुन्या डच घरांत अजून बघायला मिळतात, आणि उवा तर श्रीमंत-गरीब सगळ्यांच्याच डोक्यात असायच्या.

पण हेच चित्र शिकवणही देतं. रूमर विस्सर या डच लेखकाच्या १६१४ च्या बोधचित्रांच्या पुस्तकात फणीचं चित्र आहे आणि सोबतचं वचन असं की ती स्वच्छही करते आणि सजवतेही. म्हणजे पोरीचं डोकं साफ करणारी आई बघताना पुस्तकं वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला मुलांना वळण लावणंही आठवत असणार. काही अभ्यासक म्हणतात सगळं प्रतीक, काही म्हणतात नुसतं वर्णन, मला हा वादच चुकीचा वाटतो, रोजचं काम होतं म्हणून तर ते शिकवणीला वापरता आलं ना!

आता फरशी. द होख १६६० च्या सुमारास आम्सटरडॅमला गेला आणि त्याच्या चित्रांत काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या फरश्या दिसायला लागल्या. विलेमाइन फॉक या अभ्यासिकेने दाखवून दिलं की अशी फरशी फार थोड्या श्रीमंत घरांत होती, तीही बहुतेक प्रवेशाच्या दालनात किंवा बोळात, राहत्या खोल्यांत लाकूडच, कारण त्या थंडीत दगड पायाला गार लागतो. पितळी झुंबरांचंही तेच, माणूस गेल्यावर नोटरी घरातल्या सामानाची खोलीवार यादी करायचा, त्यात चित्रांतली झुंबरं जवळजवळ सापडतच नाहीत.

मग चित्रकार फरशी का काढायचे? एक तर गिऱ्हाइकाला श्रीमंती आवडायची, आणि दुसरं म्हणजे चौकटीचौकटीच्या फरशीने दालन किती खोल आहे ते झटकन दिसतं. द होखच्या बऱ्याच चित्रांत, जिथे सगळ्या तिरक्या रेषा जाऊन मिळतात तिथे टाचणीचं भोक सापडलंय, तिथून दोरा ताणून रेषा आखलेल्या.

त्याचं १६६३ चं कपड्यांच्या कपाटाचं चित्र बघा, दोघी बायका घडी केलेले कपडे कपाटात ठेवतायत. खाली तीच संगमरवरी फरशी, तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. कपाटावर ठेवते, कारण कपाट आणि लिनन त्या याद्यांमध्ये खरोखर सापडतं.