विजेचं बिल कुणाच्या नावावर?

सामान टेम्पोत चढतं, माणसं गाडीत चढतात, पत्ता मात्र जुन्याच गावी मुक्काम ठोकून बसतो. बँकेच्या दफ्तरी मी अजून तिथेच राहत होतो.

नियम तसा दयाळू आहे. फक्त पत्ताच बदलला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांनुसार स्वयंघोषणापत्र पुरतं. ते नोंदणीकृत ईमेलवरून, मोबाइलवरून किंवा साध्या पत्रानेही देता येतं. मग दोन महिन्यांत पत्त्याची खातरजमा करणं बँकेचं काम. पण बँकेला वाटलं तर ती पुरावा मागू शकते. आमच्या शाखेला वाटलं.

मी पॅन कार्ड काढलं. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "यावर पत्ता कुठाय?" खरंच, पॅनवर जन्मतारीख असते, बापाचं नाव असतं, पत्ता नसतो. आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांवर असतो; माझ्या या चारही कागदांवर तो मोठ्या निष्ठेने जुनाच होता.

"मग विजेचं बिल द्या. दोन महिन्यांच्या आतलं."

बिल ताजं होतं, पण घरमालकांच्या नावावर. पाणीपट्टी, मालमत्ता कराची पावती, पाइप गॅसचं बिल हे सगळं चालतं, आणि भाडेकरूच्या घरात हे सगळं मालकाचंच असतं. भाडेकरू फक्त भरतो. पोस्टपेड मोबाइलचं बिलही चालतं, माझं प्रीपेड.

भाडेकराराची काही शाखांत गय होते. रिझर्व्ह बँकेच्या यादीत मात्र करार आहे तो सरकारी खातं, बँक किंवा शेअर बाजारात नोंदलेली कंपनी यांनी कर्मचाऱ्याला घर देताना केलेला. आमच्या मालकांना शेअर बाजाराची फार आवड, पण ते स्वतः तिथे नोंदलेले नाहीत.

"अहो, आधी आधार बदला ना," मॅडमच शेवटी कळवळल्या. हाच खरा रस्ता. बँकेने नाकारलेला करार नोंदणी केलेला असेल तर आधारवाले घेतात. त्यांच्या संकेतस्थळावर तो चढवायचा, विनंती मंजूर झाली की नव्या पत्त्याचं आधार बँकेत न्यायचं. शिवाय विजेचं बिल दाखवून बँकेत पत्ता बदलला तरी तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं आधारसारखं मुख्य ओळखपत्र द्यावंच लागतं. म्हणजे बिलवालेही फिरून इथेच येतात.

आधारवर नवा पत्ता आला, बँकेने तो उतरवून घेतला. आता घरमालक विचारतायत, "विजेचं बिल तुमच्या नावावर करून घेताय का? मला माझ्या बँकेत पत्ता बदलायचा होता, पण ते राहू दे."