तीनदा व्हॉल्व्ह बदलूनही मशीनमध्ये पाणी भरत नाही: सर्व्हिस सेंटरचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा):

"फ्रंट लोड मशीन, दोन वर्षांची वॉरंटी. आठ महिन्यांत चार वेळा बंद पडलं. तक्रार एकच, पाणी भरत नाही. तीनदा इनलेट व्हॉल्व्ह बदलला, दर वेळी दोन-अडीच महिन्यांत पुन्हा तेच. आता तर मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी साचतं. सगळ्या तारखा घालून लेखी तक्रार दिली, तिचं उत्तरच नाही. चौथ्यांदा आलेला माणूस म्हणतो, तुमच्याकडे पाण्याला प्रेशर नाही. मग आधीच्या तीन वेळा काय बघितलं? मशीन बदलून द्या."

सेंटरच्या मालकांचं उत्तर:

नमस्कार मॅडम. आपलं पत्र आमच्याकडे आलं होतं. ते चौथ्या कॉलच्या कागदांना लावून ठेवलं गेलं आणि उत्तर द्यायचं राहिलं. ही चूक आमची आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्या पत्रात आपण एक ओळ लिहिली होती: "सकाळी लावलं तर बहुतेक वेळा चालतं, संध्याकाळी अडकतं." ती ओळ आम्ही पहिल्याच कॉलला विचारून घेतली असती, तर दुसरा व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली नसती. व्हॉल्व्ह खराब असेल तर तो सकाळ-संध्याकाळ बघत नाही. वेळेनुसार बदलते ती टाकीतली पाण्याची पातळी.

आपला फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि पाणी थेट गच्चीवरच्या टाकीतून येतं. चौथ्या भेटीत टेक्निशियनने टेपने मोजलं. टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंतची उंची २.९ मीटर भरली. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे सकाळी टाकीत १.२ मीटर पाणी असतं तेव्हा नळाशी जेमतेम ०.४ बार मिळतो. संध्याकाळी तळाशी वीतभर पाणी उरलं की तो ०.३ बारवर येतो. हा आकडाही नळ बंद असतानाचा. पाणी वाहू लागलं की भिंतीतला पाइप आणि अँगल कॉक त्यातला आणखी थोडा खातात, आणि त्याच वेळी बाथरूमचा नळ सुरू असेल तर काही उरतच नाही. आपल्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.३ बार लिहिलेला आहे. त्या संध्याकाळी १० लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं लागली. चांगल्या लाइनवर ती मिनिटभरात भरते. मशीन पाण्यासाठी ठरावीक मिनिटंच थांबतं. तेवढ्यात पातळी आली नाही की एरर दाखवून बंद होतं.

मग नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर दोन महिने मशीन का चाललं, हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे. नव्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी प्लास्टिकची नवी, स्वच्छ जाळी येते. आपल्या टाकीतून बारीक गाळ उतरतो आणि दोन महिन्यांत त्या जाळीवर साय धरल्यासारखा थर बसतो. प्रेशर भरपूर असलेल्या घरात जाळी अर्धी बुजली तरी मशीन भरतं. आपल्याकडे प्रेशर मुळातच काठावर, त्यामुळे थोडा थरही पुरतो. खरं तर तिन्ही वेळा फरक पडला तो स्वच्छ जाळीने. नळ बंद करून, पाइप सोडवून, पक्कडीने जाळी ओढून ब्रशने धुतली असती तरी तेवढाच परिणाम दिसला असता.

तिसऱ्यांदा काढलेला व्हॉल्व्ह आमच्याकडे होता, तो या आठवड्यात मी स्वतः उघडून पाहिला. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण चार किलोओहम आला, म्हणजे कॉइल चांगली आहे. आतल्या रबरी डायफ्रॅममध्ये सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून पाणी वर जातं आणि वरून दाबून डायफ्रॅमला खाली बसवतं, तेव्हा व्हॉल्व्ह बंद होतो. ते भोक गाळाने बुजलं होतं आणि बसायच्या कडेवर वाळूचा एक कण रुतला होता. हा व्हॉल्व्ह बंद होतो तोच पाण्याच्या दाबाने. दाब कमी असला की कण चेपला जात नाही, फट राहते आणि थेंब-थेंब पाणी ड्रममध्ये उतरत राहतं. मशीन बंद असतानाही पाणी साचतं ते याच कारणाने. म्हणून आम्ही येईपर्यंत कपडे धुऊन झाले की मशीनचा नळ आठवणीने बंद करा. सध्या बसवलेल्या व्हॉल्व्हचंही तेच झालेलं असणार. तो वॉरंटीतच, पैसे न घेता बदलू.

आता मशीन बदलून देण्याबद्दल स्पष्ट सांगतो. तो निर्णय कंपनीचा असतो, सेंटरला तो अधिकार नाही. शिवाय आजच्या स्थितीत नवं मशीन ठेवलं तरी दोन-तीन महिन्यांत तेही अडकेल, म्हणून तशी शिफारस मी आज करत नाही. मात्र इन्स्टॉलेशनच्या शीटवर पाण्याच्या प्रेशरचा रकाना आमच्या माणसाने कोरा सोडला आहे. तो भरला असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्यामुळे पुढचं काम आमच्याकडून, असं ठरवलं आहे:

आमचा छोटा प्रेशर पंप आपल्या मशीनच्या लाइनवर दोन महिने बसवून देतो, त्याचं भाडं किंवा मजुरी नाही. पंधरा दिवसांत काही सिद्ध होणार नाही, कारण नवी जाळी तेवढी तशीही चालते. पंपाच्या आधी गाळ अडवणारी, धुता येणारी स्टीलची जाळी लावू. ती दर महिन्याला धुवावी लागेल. पंपाशिवाय मात्र नुसता फिल्टर लावून घेऊ नका. तो उरलेलं प्रेशरही खातो आणि तक्रार वाढते. टाकी एकदा आतून धुऊन घ्यायला सोसायटीला सांगा, हवं तर मी तसं लेखी देतो. दोन महिन्यांत पुन्हा तीच तक्रार आली, तर दोष मशीनचा धरून बदलीची शिफारस मी स्वतः कंपनीकडे पाठवीन, मोजलेल्या आकड्यांसकट. तक्रार आली नाही, तर पंप आपला घ्यावा लागेल, कारण घरातलं प्रेशर वॉरंटीत बसत नाही.

चारही जॉब शीट आणि आपलं पत्र जपून ठेवा. एकाच दोषासाठी तोच पार्ट किती वेळा बदलला हे त्यावरूनच दिसतं. आमचं म्हणणं पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

भेट शक्यतो संध्याकाळी सहानंतरची द्या, टाकी भरायच्या आधीची. सकाळी आलो तर प्रेशर ठीक दिसेल, आणि आधीच्या तिन्ही कॉलला टेक्निशियन सकाळीच आले होते.