“काकूंनीच ओटीपी दिला असेल”

काल आईच्या ऑनलाइन खरेदीच्या अकाउंटमध्ये चोर शिरला. त्यावर आज सकाळी घरच्या ग्रुपवर एका महाभागाने हे वाक्य टाकलं आणि माझं डोकं सटकलं. आईने कुणालाही ओटीपी दिला नव्हता. तिला कुणी मागितलाच नव्हता!

काल सकाळी पावणेसातला आईचा फोन. “अगं, तू माझ्या अकाउंटवरून इअरबड्स मागवलेस का? पत्ता कुठला कानपूरचा दिसतोय.” वाढदिवसाला मी तिला चार हजारांचं गिफ्ट कार्ड दिलं होतं. ती रक्कम अकाउंटमध्ये शिल्लक होती. बँकेच्या कार्डाने पैसे भरताना ओटीपी लागतो, या शिल्लक रकमेला लागला नाही. चोराने बरोबर तीच उचलली.

मी शहाणी. फोनवरूनच म्हटलं, आधी ऑर्डर रद्द कर. केली. पैसे परत त्याच शिलकीत आले आणि दहा मिनिटांत दुसरी ऑर्डर पडली. चोर आतच बसलेला होता ना! आधी पासवर्ड बदलून ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट’ करायचं, मग रद्द करायचं, हे मला तेव्हा सुचलं.

पण पासवर्ड बदलायचा तर रीसेटची मेल यायला हवी, आणि ती येईना. दुकानाची एकही मेल आईला दिसत नव्हती. सापडल्या सगळ्या मेलच्या ट्रॅशमध्ये. सेटिंगमध्ये कुणीतरी फिल्टर लावला होता: या दुकानाकडून आलेलं थेट कचऱ्यात. म्हणजे चोर आधी मेलमध्ये शिरला होता. मग तिथूनच सुरुवात केली. मेलचा पासवर्ड बदलला, अनोळखी डिव्हाइस काढली, फिल्टर पुसला, फॉरवर्डिंगला कुणाचा पत्ता नाही ना ते पाहिलं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. मग दुकानाचं अकाउंट: नवा पासवर्ड, सगळीकडून लॉग आउट, दुसरी ऑर्डर रद्द, कानपूरचा पत्ता उडवला, सेव्ह केलेलं कार्डही काढून टाकलं. या वेळी पैसे परत आले ते टिकले.

तक्रार ॲपमधल्या मदतीतूनच केली. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथेही हेच लोक टपलेले असतात. पैसे गेलेच असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला असता.

हो, मान्य, पासवर्ड सगळीकडे एकच होता. आईचं नाव आणि जन्मसाल.

पण तो ठेवला कुणी होता? मी. २०१६ मध्ये, तिला फोन घेऊन दिला त्या दिवशी, “लक्षात राहील गं” म्हणत. काल तो बदलताना आई एवढंच म्हणाली, “माझंच काहीतरी चुकलं असणार.” आणि ग्रुपवर हे तज्ज्ञ!

नवा पासवर्ड तिने स्वतः ठरवलाय. मला सांगितलेला नाही.