शिखरावरच्या नोंदी आणि तुमचा आक्षेप

वाचकाची प्रतिक्रिया: "टर्म पेपरच्या नावाखाली किती लांबण लावली आहे! हम्बोल्टच्या चिंबोराझोवरच्या नोंदी चुकीच्या निघाल्या, हे जगाला ठाऊक आहे. जुन्या नोंदींवर बांधलेला हा सगळा डोलारा पोकळ आहे. शिवाय काही प्रजाती खालीही सरकतात, त्याचं काय? खोलीत बसून डोंगरावर लिहू नये."

हवा तापत चालली तशा डोंगरावरच्या वनस्पती वर सरकत आहेत, असं मांडणारा माझा पेपर लांबला, हे मान्य. चार परिच्छेद कमी चालले असते. पण 'डोलारा', 'पोकळ', 'खोलीत बसून' ही भाषा कशासाठी? आक्षेप साध्या शब्दांतही घेता आला असता आणि त्याचं वजन जराही कमी झालं नसतं. मी हर्बेरियममध्ये काम केलेलं आहे. वाळवलेल्या झाडांखालच्या जुन्या चिठ्ठ्या भिंग लावून वाचल्या आहेत. कित्येकींवर फक्त डोंगराचं नाव असतं, उंचीचा पत्ताच नसतो. जुनी नोंद कुठे दगा देते हे मला ऐकीव माहितीवरून ठाऊक नाही.

आता चिंबोराझो, म्हणजे इक्वेडोरमधला ज्वालामुखी. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट आणि त्याचा सहकारी वनस्पतिशास्त्रज्ञ बोनप्लाँ तिथे 1802 साली गेले. 2012 मध्ये संशोधकांनी तोच डोंगर पुन्हा पाहिला आणि वनस्पती सरासरी 500 मीटरहून जास्त वर सरकल्याचं 2015 मध्ये मांडलं. 2019 मध्ये दुसऱ्या गटाने मूळ नमुने आणि कागदपत्रं तपासली. तेव्हा असं दिसलं, की कुठल्या उंचीवर कुठली वनस्पती हे दाखवणाऱ्या हम्बोल्टच्या प्रसिद्ध चित्रातल्या उंचावरच्या वनस्पती बहुतांशी चिंबोराझोवरच्या नाहीतच, त्या अँटिसाना या दुसऱ्याच ज्वालामुखीवर गोळा केलेल्या होत्या. मग हा गट अँटिसानावर गेला आणि जुन्या नोंदींशी तिथेच तुलना केली. वरची सीमा 215 ते 266 मीटर चढलेली निघाली. म्हणजे चूक दुरुस्त झाल्यावर आकडा निम्म्यावर आला, पण दिशा तीच राहिली. हे दोन्ही आकडे माझ्या पेपरात शेजारी शेजारी आहेत. तुम्ही पहिला वाचलात आणि तिथेच थांबलात.

जुन्या नोंदींबद्दलच्या तुमच्या वाक्यात खरा प्रश्न आहे, म्हणून त्यावर थांबतो. जुनी नोंद नेमक्या कुठल्या जागेची, हे कळलं नाही तर तुलनेला अर्थ उरत नाही. शिखराच्या बाबतीत मात्र ही अडचण येत नाही, कारण शिखर पुन्हा सापडतं. स्वित्झर्लंडमधलं पीझ लिनार्ड घ्या, उंची 3410 मीटर. 1835 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ओस्वाल्ड हेअर वर पोचला, तेव्हा माथ्यावर त्याला एकच फुलझाड दिसलं: अँड्रोसेस आल्पिना, खडकाळ जागी गादीसारखं पसरणारं, गुलाबी-पांढऱ्या बारीक फुलांचं. 1937 पर्यंत तिथे 10 प्रजाती झाल्या होत्या. 2011 मध्ये 16.

यावर तुम्ही म्हणाल, की पुढच्या लोकांनी जास्त बारकाईने पाहिलं असेल. ही शंका रास्त आहे आणि ती तपासताही येते. वाढ नुसती बारकाईची असती, तर प्रत्येक फेरीगणिक आकडा थोडा थोडा चढत गेला असता. तसं झालं नाही. 1937 नंतर सुमारे अर्धशतक तो जवळजवळ जागेवरच राहिला आणि अलीकडच्या दशकांत, तापमान झपाट्याने वाढत असताना, पुन्हा चढला. युरोपातल्या 302 शिखरांच्या नोंदी एकत्र करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच दाखवतो. 2007 ते 2016 या दशकात शिखरांवर जितक्या नव्या प्रजाती आल्या, त्या 1957 ते 1966 च्या सुमारे पाचपट होत्या. पन्नास वर्षांपूर्वीचे वनस्पतिशास्त्रज्ञ पाचपट आंधळे नव्हते.

खाली सरकणाऱ्या प्रजातींबद्दल एवढंच, की कॅलिफोर्नियातल्या काही वनस्पती खाली आल्या त्या पाण्याच्या उपलब्धतेमागे. पेपरात आहे. वाचा.

माझ्या मांडणीची खरी मर्यादा तुमच्या नजरेतून निसटली. शिखरावरच्या यादीतून कोण आलं ते कळतं, पण उताराच्या खालच्या टोकाला कोण संपत चाललंय ते कळत नाही. थंडीला सरावलेलं बहुवर्षायू झाड प्रतिकूल हवेतही दीर्घकाळ तग धरतं, त्याला नवी रोपं येईनाशी होतात, आणि गणतीत मात्र ते 'आहे' म्हणूनच नोंदलं जातं. तेव्हा प्रजातींची वाढलेली संख्या पाहून डोंगर सुखात आहे असं कुणी म्हणू नये, आणि मीही ते म्हटलेलं नाही. यावर काही लिहायचं असेल तर जरूर लिहा, सविस्तर उत्तर देईन. मी डोंगरावर गेलो की नाही, यावरच्या प्रतिक्रियांना मात्र यापुढे उत्तर देणार नाही.