दंडाखाली दबलेला सेन्सर आणि रात्री दोनची खोटी लो शुगर

रात्री दोन वाजता फोन बोंबलतो, अख्खं घर जागं होतं, कुणीतरी धावत ग्लुकोजची पावडर कालवून आणतं, आणि शुगर मुळात उतरलेलीच नसते! शुगर सतत मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर ज्या दंडावर चिकटवलाय, माणूस फक्त त्याच कुशीवर झोपलेला असतो. हजारो रुपये मोजून विकत घेतलेल्या वस्तूबद्दल ही साधी गोष्ट कुणी धड सांगत नाही, याचा संताप येतो. माहितीपत्रकात असते ती, पण बारीक अक्षरांत, कुणी वाचणार नाही अशा पानावर. सेन्सर दंडावर चिकटवताना एक वाक्य बोलायला काय जातं?

सेन्सरचा केसासारखा तंतू कातडीखाली जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जातो. तो रक्तात नसतोच. पेशींच्या मधल्या जागेत जो द्रव असतो, त्यातली साखर तो मोजतो. या द्रवात साखर येते आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून. आता अंगाचं सगळं वजन त्या दंडावर टाका. वाहिन्या दबतात, नवी साखर येणं मंदावतं, तिथल्या पेशी मात्र आहे ती साखर वापरतच राहतात. म्हणजे त्या रुपयाएवढ्या जागेत साखर खरंच कमी होते. सेन्सर बिघडलेला नाही. चूक ती संख्या साऱ्या शरीराची मानण्यात आहे.

धरा, सेन्सर डाव्या दंडावर आहे आणि दीड वाजता माणूस डाव्या कुशीवर वळला. तोवर आलेख 112 च्या आसपास सपाट. 1:50 ला 80, दोनला 54, अलार्म! काही यंत्रांत 55 च्या खालचा अलार्म बंदही करता येत नाही. माणूस उठून बसतो, दंड मोकळा होतो, पण आकडा लगेच वर येत नाही, पंधरा-वीस मिनिटं घेतो. तेवढ्यात 15 ग्रॅम ग्लुकोज पोटात गेलेलं असतं. अडीचला फोन 110 दाखवतो आणि सगळे म्हणतात, बघा, साखर दिली म्हणून वाचला. अहो, तो आकडा नुसतं कूस बदलूनही वर आलाच असता! वर खाल्लेली साखर आता खरोखर चढणार. पहाटे 160-170 दिसले की पुन्हा रडारड, आदल्या रात्रीच्या भाताला शिव्या.

खरी लो ओळखता येते. रात्रीची खरी लो बहुतेक वेळा हळूहळू घसरत येते आणि साखर घेतल्याशिवाय सहसा झटकन वर जात नाही. दबून आलेली लो म्हणजे कडा कोसळावा तशी सरळ खाली, आणि कूस बदलली की पुन्हा जवळपास जुन्याच पातळीवर. तरी आलेखावर विसंबू नका. हात धुवा, पुसा, बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघा. फोनवर 54 आणि ग्लुकोमीटरवर 108 आले, अंगही ठीक असलं, तर साखर नको, कूस बदला आणि वीस मिनिटांनी पुन्हा बघा. पण घाम, थरथर, गोंधळ काहीही असेल किंवा ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तर लो खरीच समजून आधी साखर घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यानं आकडा खोटा असेल म्हणून झोपून जाणं हा जिवाशी खेळ आहे.

सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या भागाची. सेन्सरच्या रिपोर्टला काय कळतंय कोण कुठल्या कुशीवर झोपलं? तो वेळ मोजतो. 70 च्या खाली दिवसाचा 4 टक्क्यांपेक्षा कमी वेळ असावा, हे बहुतेक प्रौढांसाठीचं मान्य लक्ष्य. 4 टक्के म्हणजे साधारण 58 मिनिटं. रोज रात्री तासभर दंड दबला की खात्यात रोज लो जमा! मग घाईच्या ओपीडीत कुणीतरी लाल पट्टा बघतं आणि रात्रीचं इन्शुलिन कमी करतं, जे कमी करायची गरजच नव्हती. सकाळची शुगर 190 च्या घरात जाते, आणि बोलणी कुणाला? पेशंटला! इन्शुलिन पंप लावणाऱ्यांचं आणखी वाईट. लो येणार असं धरून सेन्सरशी जोडलेले काही पंप आपोआप इन्शुलिन थांबवतात, तेही खोट्या आकड्यावर.

म्हणून रिपोर्ट दाखवायला नेताना त्या रात्रींपुढे लिहा: वेळ, कूस, ग्लुकोमीटरचा आकडा. डोस बदलण्याआधी ते बघा म्हणून ठामपणे सांगा. आणि नवा सेन्सर लावायच्या आधी, नंतर नव्हे, ज्या कुशीवर झोप लागते तिच्या उलट दंड निवडा. दंडाच्या मागच्या बाजूलाच लावा, बाहेरच्या कडेला सरकवू नका, कारण कुशीवर झोपल्यावर गादीला तीच कड लागते. दोन्ही कुशींवर लोळणाऱ्यांनी सेन्सरच्या बाजूला पाठीशी उशी लावून बघावी. एकदा चिकटवला की दहा-पंधरा दिवस तो तिथेच राहणार, रात्री दोनला उचलून दुसऱ्या दंडावर नेता येत नाही.