‘पान हळू चालते, सुधारावे’ याला तिकीट म्हणायचे?

बिल भरण्याच्या ज्या संकेतस्थळाची चाचणी माझ्याकडे आहे, त्याच्या दोषसूचीत ‘पहिले पान हळू उघडते, सुधारणा करावी’ आणि ‘फॉर्ममधील अक्षरे नीट दिसत नाहीत’ अशी दोन तिकिटे, म्हणजे दोषांच्या नोंदी, होती. ती क्लोज होत, पुन्हा उघडत, परत क्लोज होत. किती हळू, कोणत्या फोनवर आणि कितीपर्यंत आणले की दोष गेला म्हणायचे, यातले एक अक्षरही त्यांत नव्हते. अशा तिकिटावर ‘झाले’ असा शेरा मारणे फार सोपे असते आणि तो खोडून काढणे अशक्य, कारण खोडायला हाती मापच नसते.

आधी अक्षरांचे घ्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सूचनांचा मजकूर `#999999` या राखाडी रंगात होता, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक सांगणारे गुणोत्तर, कॉन्ट्रास्ट, सुमारे 2.85:1. दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुगमता-मानकाच्या एए पातळीला साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान 4.5:1 लागतो. तिकिटात यातले काहीच नसल्यामुळे रंग ‘थोडा गडद’ करण्यात आला, `#777777`, आणि तिकीट बंद झाले. या रंगाचा कॉन्ट्रास्ट 4.48:1 च्या आसपास भरतो. मी हरकत घेतली, तेव्हा ‘अहो, 4.48 म्हणजे 4.5च की!’ हे उत्तर मिळाले. नाही! या निकषात आकडा वर ओढून पूर्ण करण्याची मुभा नाही, 4.499 सुद्धा नापासच. एकच पायरी खाली `#767676` घेतला असता तर 4.54:1 मिळाला असता आणि डोळ्यांना फरकही जाणवला नसता. ‘सध्या 2.85:1, हवे किमान 4.5:1’ एवढी एक ओळ पहिल्याच दिवशी लिहिली असती, तर बैठकांमधला हा सगळा काथ्याकूट झालाच नसता.

वेगाच्या तिकिटाची कथा याहून संतापजनक आहे. डेव्हलपरने ऑफिसच्या वायफायवर, नव्याकोऱ्या लॅपटॉपवर पान उघडले, ते क्षणात आले आणि ‘माझ्याकडे व्यवस्थित चालते’ असे लिहून तो मोकळा झाला. बिल भरणारा माणूस स्वस्त अँड्रॉइड फोनवर, जेमतेम सिग्नलमध्ये असतो, हे तिकिटात लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते त्याला बंधनकारकही नव्हते. पुढच्या खेपेस त्याने वरच्या बॅनरचे चित्र दाबून लहान केले आणि पुन्हा क्लोज. प्रत्यक्षात त्या चित्राला `loading="lazy"` लावलेले होते, म्हणून पानावरची सर्वांत मोठी आणि सर्वांत आधी दिसायला हवी अशी गोष्टच ब्राउझर उशिरा मागवत होता. एलसीपी, म्हणजे पानातला सर्वांत मोठा दृश्य भाग उमटायला लागणारा वेळ, तिकिटावर लिहिला असता, तर चित्र लहान करूनही तो फारसा हलला नाही हे त्याच दिवशी कळले असते. गुगलने यासाठी 2.5 सेकंदांची मर्यादा ठेवली आहे आणि तीही सरासरीवर नव्हे, तर शंभरातल्या पंचाहत्तर भेटी तिच्या आत बसल्या पाहिजेत अशी. सरासरी पाहिली की जलद फोनवाले मंद फोनवाल्यांना झाकून टाकतात.

यावर आमच्या व्यवस्थापकांनी काढलेला तोडगा म्हणजे प्रत्येक तिकिटावर ‘लाइटहाउस गुण 90 हवेत’ असे छापणे. धन्य आहे! लाइटहाउस हे पान आपोआप तपासून गुण देणारे गुगलचे साधन; त्याचा वेगाचा गुण अनेक मापांचे मिश्रण असतो आणि एकाच पानावर लागोपाठ घेतला तरी वरखाली होतो. बॅनरचा दोष तसाच ठेवून दुसरीकडे काटछाट केली तरी तो वाढतो. सुगमतेचे तर 100 गुण मिळूनही कीबोर्डने फॉर्म भरता येत नाही असे घडते, कारण यंत्राला तपासता येतात तेवढ्याच गोष्टी त्यात मोजल्या जातात. जिथे आकडा नसतो तिथे हो-नाही असे उत्तर देता येईल अशी अट लिहावी: ‘टॅबने ग्राहक क्रमांकाच्या रकान्यात गेल्यावर एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने “ग्राहक क्रमांक, आवश्यक” असे वाचले पाहिजे.’ यात मोजपट्टी नाही, पण पळवाटही नाही.

आणखी एक चीड आणणारी घाई. खऱ्या वापरकर्त्यांकडून गोळा होणारी गुगलची आकडेवारी मागच्या 28 दिवसांची एकत्र असते, त्यामुळे आज केलेली दुरुस्ती तिच्यात उद्या पूर्ण दिसणार नाही. म्हणून तिकिटावर दोन अटी हव्यात: ठरवलेल्या फोनवर आणि ठरवलेल्या नेटवर्कवर आज मोजलेला वेळ, आणि 28 दिवसांनंतर प्रत्यक्ष आकडेवारीत 2.5 सेकंदांच्या आत. पण स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, शुक्रवारी संपतो आणि तक्त्यावर उघडे तिकीट दिसले की साहेबांचा चेहरा उतरतो, म्हणून दुसरी अट कोणी लिहूच देत नाही. ‘एवढे लिहायला वेळ कुठे आहे?’ असे मलाच विचारतात, आणि तेच तिकीट पुन्हा उघडून त्यावर तासभर वाद घालायला मात्र सगळ्यांना वेळ असतो.