जुनी गाडी द्या, शोरूमचा दुवा घ्या

दसऱ्याला नवी गाडी घ्यायची ठरली ना? मग शोरूमच्या दारातच ओरडून सांगा, "भाऊ, जुनी एक्स्चेंजला द्यायची आहे!" नव्या गाडीचा भाव आधी विचारू नका. कापूस व्यापाऱ्याकडे नेताना आपण भाव न विचारता गाडी रिकामी करतो का? नाही. पण इथे करायचं.

मग त्यांचा माणूस येतो. बॉनेट उघडतो, पत्र्यावर बोटाची टिचकी मारतो, टायर बघून 'च् च्' करतो. या 'च् च्'चे दहा हजार धरा.

माझ्या 2015 च्या डिझेल गाडीचे त्यांनी 2,20,000 लावले, वर 25,000 एक्स्चेंज बोनस, वर नव्या गाडीवर 10,000 सूट. एकूण 2,55,000. मी दारव्ह्याच्या रस्त्यावर पेढे वाटायचाच बाकी होतो. त्याच आठवड्यात साळा त्याच शोरूममधून तीच गाडी घेऊन आला, जुनी न देता. त्याला सूट 40,000! म्हणजे ती रक्कम मलाही नुसतं विचारूनच मिळाली असती. तेव्हा माझ्या गाडीची खरी किंमत पडली 2,15,000. बोनस माझाच होता, फक्त एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकला.

आता गावातले गुरुजी त्याच गाडीचे 2,60,000 द्यायला तयार होते. सर्व्हिसिंग, पीयूसी आणि आरटीओचा खर्च 8,000 धरला तरी 37,000 जास्त. पण गुरुजींना गाडी दाखवायची, दोन चहा पाजायचे, नावावर करून द्यायला आरटीओत जायचं, एवढा त्रास कोण घेतो?

म्हणून कागदावर नवीचा ऑन-रोड भाव 'जुनी न देता' आणि 'जुनी देऊन' असा वेगवेगळा लिहून मागू नका. मागितला की फरक दिसतो आणि मन खट्टू होतं. हां, गाडीला मोठा अपघात झालेला असेल, पंधरा वर्षं भरत आली असतील किंवा फरक दहा-बारा हजारांचाच असेल, तर मात्र एक्स्चेंजच बरी. पण तुमची गाडी चांगली असेल तरीही द्या.

जाताना गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या ठोका. आरसी कोणाच्या नावावर झाली, कधी झाली, पावती कुठे, असले प्रश्न विचारून बिचाऱ्यांना दुखवू नका. नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्रही विमा कंपनीकडून मागू नका. नव्या गाडीच्या विम्याच्या ओन डॅमेज हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते म्हणे, पण आपल्याला काय करायचं स्वस्त विम्याचं!

माझ्या मोबाइलवर परवा चलान आलं, वर्धा रोड, वेग जास्त. फोटोत माझीच जुनी गाडी. मागच्या काचेवर पोराच्या नावाचा स्टिकर अजून तसाच आहे.